‘किती पोस्ट टाकणार?’ या प्रश्नात अडकू नका!

तुमच्या ओळखीत असा एक तरी जण असेलच. बीएमएस, बीएमएम नाहीतर एमबीएचं पहिलं वर्ष. एक दिवस त्याच्या स्टेटसवर येतं, ‘छोट्या व्यवसायांसाठी सोशल मीडिया मार्केटिंग करून मिळेल. महिना 12 पोस्ट, 4 रील्स, फक्त 3000 रुपये.’ खाली पाच-सात टाळ्यांचे इमोजी. आणि तीन महिन्यांनी विचारलं की तोच सांगतो, ‘सोडलं यार, क्लायंट पैसे देत नाहीत.’

हसू नका, ते स्टेटस माझंही होतं.

मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला असताना मी हे काम सुरू केलं आणि आता इंटर्नशिप सांभाळून करते. सांगलीसारख्या शहरात छोट्या दुकानदारांना मार्केटिंगचा सल्ला देऊन थोडे पैसे सुटतात, हे मी अनुभवाने सांगू शकते. पण ते कसे सुटत नाहीत, हे मला आधी कळलं. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. क्लायंट पैसे देत नाहीत हे अर्धंच खरं आहे. आपण विकतो ती वस्तूच चुकीची असते आणि तिची किंमत आपण हवेत ठरवतो.

पहिली क्लायंट आणि 115 रुपये तास

माझी पहिली क्लायंट म्हणजे आमच्या कॉलनीतल्या एक ताई. घरून केक करतात. केक अप्रतिम, पण इन्स्टाग्रामवर फोटो अंधारातले. मी म्हटलं, ‘ताई, मी करते सगळं. महिना 12 पोस्ट, 3000 द्या.’ त्या लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच हो आलं तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

महिना संपल्यावर मी तास मोजले. फोटोंसाठी दोनदा घरी गेले, प्रत्येक वेळी तीन तास, म्हणजे सहा. एका पोस्टला डिझाइन आणि कॅप्शन धरून एक तास, म्हणजे 12. आणि ‘जरा गुलाबी कमी कर ना’, ‘माझ्या जावेला फॉन्ट नाही आवडला’ असे रात्री दहानंतरचे फोन आणि बदल मिळून आठ. एकूण 26 तास. 3000 भागिले 26 म्हणजे तासाला 115 रुपये. त्यात पेट्रोल माझं.

माझं नुकसान झालं ते झालं. ताईंचं काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. पोस्टला 200 लाइक्स यायचे, पण ते नातेवाईक, माझ्या मैत्रिणी आणि दुसऱ्या गावच्या केकवाल्या यांचे. ऑर्डर वाढल्या दोन की तीन. तिसऱ्या महिन्यात ताई म्हणाल्या, ‘अगं, जरा थांबूया का?’ आणि दोन महिन्यांनंतर त्या तिसऱ्या महिन्याचे पैसे अर्धे आले.

मला तेव्हा खूप राग आला होता. पण नंतर ताईंच्या बाजूने हिशोब मांडून बघितला आणि राग गेला. अर्धा किलोचा केक 450 रुपयांना. सामान, खोका, गॅस, वीज वजा केली की हातात उरतात साधारण 150. म्हणजे माझे 3000 वसूल व्हायला दर महिन्याला 20 केक जास्तीचे जायला हवेत. ताईंचा ओव्हन एक, मुलगा लहान, दिवसाला दोनच केक होतात. महिन्याला फार तर 50. त्यातले 40-45 तर आधीच जात होते! म्हणजे मी कितीही भारी पोस्ट टाकल्या असत्या तरी 20 केक वाढणं शक्यच नव्हतं. त्यांना मार्केटिंगची नाही, दुसऱ्या ओव्हनची गरज होती. नाहीतर केकची किंमत 50 रुपयांनी वाढवण्याची. तो सल्ला मी एका भेटीत देऊ शकले असते. पण मी सल्ला विकतच नव्हते, पोस्ट विकत होते.

किमतीला खालची रेघ असते, वरचीही

‘मार्केटमध्ये काय रेट चालू आहे?’ हा प्रश्न आपण सगळे विचारतो. माझ्या मते हा प्रश्नच सोडून द्या. तुमची किंमत दोन रेघांच्या मध्ये बसते आणि त्या दोन्ही रेघा तुम्ही स्वतः काढू शकता.

खालची रेघ तुमची. मला या कामातून महिन्याला 12,000 हवे होते. फोन, डेटा, डिझाइनचं ॲप, पेट्रोल असा खर्च 2000. म्हणजे 14,000. इंटर्नशिप सांभाळून आठवड्याला 20 तास मिळतात, महिन्याचे 80. आता इथे सगळे फसतात. ते 80 तास विकले जात नाहीत. क्लायंट शोधणं, जाणं-येणं, फोन, पैशांच्या मागे लागणं यात निम्मे जातात. उरले 40. 14,000 भागिले 40, म्हणजे 350 रुपये तास. ही माझी खालची रेघ. याखाली गेले तर मी स्वतःच्या खिशातून क्लायंटचा धंदा चालवतेय. तुमचे आकडे वेगळे असतील, पण कागदावर मांडा.

वरची रेघ क्लायंटची. एका गिऱ्हाइकामागे त्याला खर्च जाऊन किती उरतात, ते विचारायचं. तुमची महिन्याची फी भागिले ती रक्कम, की कळतं किती जास्तीची गिऱ्हाइकं आली तर तुमचे पैसे निघाले. मग दोनच प्रश्न. एवढी गिऱ्हाइकं वाढणं शक्य आहे का? आणि वाढली तर ती सांभाळायला दुकानात माणसं, माल, वेळ आहे का?

कधी कधी तुमची खालची रेघ क्लायंटच्या वरच्या रेघेच्याही वर निघते. तेव्हा घासाघीस करू नका. तो क्लायंट महिन्याच्या कामासाठी तुमचा नाही, एवढंच. त्याला एका भेटीचा सल्ला द्या, त्याचे पैसे घ्या आणि थांबा. ‘नाही’ म्हणायला मला खूप वेळ लागला. पण ताईंना मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं असतं, तर त्यांचे काही हजार वाचले असते आणि आमच्या गप्पाही पूर्वीसारख्या राहिल्या असत्या.

क्लायंट इन्बॉक्समध्ये नाही, रस्त्यावर असतो

आता क्लायंट आणायचे कुठून? मी आधी अनोळखी पेजेसना मेसेज टाकले. 60 मेसेज, दोन उत्तरं, त्यातलं एक ‘हू आर यू?’. दुकानदाराला दिवसाला असे दहा मेसेज येतात, तो कशाला वाचेल?

मग मी पद्धत बदलली. विश्रामबागेतला एक रस्ता घेतला. दोन्ही बाजूंची 20 दुकानं वहीत लिहिली. रात्री घरी बसून एकेक नाव गुगल मॅपवर टाकून बघितलं. वेळ बरोबर आहे का? फोन लागतो का? फोटो कुठल्या वर्षाचे? दुकानाचा प्रकार काय लिहिलाय? वाईट रिव्ह्यूला कुणी उत्तर दिलंय का? 20 पैकी नऊ दुकानांत अशी चूक सापडली, की जिच्यामुळे गिऱ्हाईक सरळ परत जाईल.

त्या नऊ जणांकडे मी गेले. संध्याकाळी सातला नाही, दुपारी तीनला. गल्ल्यावर गर्दी असताना गेलात तर तुम्ही वर्गणीवाले. हातात एकच कागद, त्यांच्याच दुकानाच्या स्क्रीनशॉटचा, चूक पेनने गोल केलेली. नऊपैकी चौघांनी बसायला सांगितलं. दोघं म्हणाले दिवाळीनंतर या. एक क्लायंट झाला. एकच! पण त्या एकाने पुढे दोन दिले.

तो एक म्हणजे चष्म्याचं दुकान. तिथले काका साठीचे. मी फोन पुढे केला आणि म्हटलं, ‘काका, रविवारी तुम्ही उघडे असता ना? गुगलवर बंद दाखवतंय. आणि हा नंबर लावून बघा.’ नंबर जुन्या लँडलाइनचा, कधीच बंद झालेला. काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, ‘म्हणजे रविवारी लोकं दुसरीकडे जातात म्हण की! आमच्याकडं एक पोरगा यायचा, तीन महिने नुसती सुप्रभातची फुलं टाकली त्यानं. तू काय टाकणार, किती पोस्ट?’

मी म्हटलं, ‘काका, सध्या एकही नाही.’

मला वाटतं, काम मला या वाक्यावर मिळालं.

फुकट काम करावं का, यावर आपल्या वर्गात नेहमी वाद होतो. ‘पोर्टफोलिओ बनतो’ म्हणून महिनाभर फुकट राबणारे मित्र मला माहीत आहेत. माझं म्हणणं एवढंच, की तपासणी फुकट द्या, दुरुस्ती नाही. चूक दाखवायला माझा एक तास गेला, तो माझा खर्च. पण ती दुरुस्त करायचे पैसे.

3500 रुपयांत मी काय केलं?

काकांना मी महिन्याचं पॅकेज सांगितलंच नाही. एकदाचं काम सांगितलं, 10 दिवसांत पूर्ण, 3500 रुपये, निम्मे आधी. अंदाजे 10 तासांचं काम, 350 च्या हिशोबाने. पहिलं काम छोटं आणि टोक असलेलं ठेवलं की समोरच्यालाही धीर होतो. बिनसलं तरी नुकसान छोटं.

पहिली अडचण लगेच आली. त्यांचं गुगल बिझनेस प्रोफाइल त्या फुलंवाल्या पोराच्या ईमेलवर होतं आणि पोरगा पुण्याला गेलेला. मालकी परत मागायची सोय गुगलवर असते. विनंती टाकायची, आधीच्या मालकाला उत्तर द्यायला काही दिवस मिळतात. आम्ही विनंती टाकली, काकांनी त्याच्या वडिलांना फोन केला आणि काम झालं. या प्रसंगातून मी एक नियमच केला. क्लायंटचं खातं नेहमी क्लायंटच्या ईमेलवर. मला फक्त मॅनेजर म्हणून जोडा. पासवर्ड मागत नाही. उद्या मी काम सोडलं तर त्यांचं दुकान माझ्या फोनमध्ये अडकून पडता कामा नये.

मग वेळ, फोन, दुकानाचा प्रकार दुरुस्त केला. आधी नुसतं ‘स्टोअर’ होतं, ते चष्म्याचं दुकान केलं, कारण लोक जे शोधतात त्याच्याशी तो प्रकार जुळावा लागतो. बाहेरची पाटी, आतली मांडणी, डोळे तपासायची खोली असे खरे फोटो टाकले. कुणीतरी काकांना सांगितलं होतं की दुकानाच्या नावातच ‘सांगलीतलं बेस्ट’ असं घाला. ते मी करू दिलं नाही. पाटीवर जे नाव आहे तेच लिहायचं, असा गुगलचा नियम आहे. जास्तीचे शब्द घातले तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. तसंच रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणंही नियमात बसत नाही. आम्ही चष्मा दिल्यानंतर आठवड्याने मेसेज पाठवायचं ठरवलं. नंबर नीट बसला का विचारायचं, खाली रिव्ह्यूची लिंक. चांगलं-वाईट जे असेल ते लिहा.

शेवटी व्हॉट्सॲप बिझनेसवर फ्रेम्सचा कॅटलॉग. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून बिल देताना ‘नंबर सेव्ह करा, चष्मा तयार झाला की मेसेज येईल’ हे वाक्य काउंटरवरच्या दादांना शिकवलं. हाही मार्केटिंगचाच भाग, आणि याची पोस्ट होत नाही!

फरक पडला हे कसं कळलं?

10 दिवसांनी काकांनीच विचारलं, ‘पुढं काय?’ तेव्हा मी महिन्याचं सांगितलं. 12 तासांचं काम, 4500 रुपये. रिव्ह्यूंना उत्तरं, नवे फोटो, जुन्या गिऱ्हाइकांना वर्षातून एकदा तपासणीची आठवण, आणि महिन्याचा हिशोब. काकांच्या बाजूने गणित सोपं होतं. सरासरी बिल 2000, खर्च जाऊन उरतात 800 च्या आसपास. 4500 भागिले 800, म्हणजे महिन्याला सहा गिऱ्हाइकं वाढली की फी निघाली. दुकानात महिन्याला 90-100 बिलं होतात, दोन माणसं कामाला आहेत. सहा जास्तीची जड नव्हती.

मोजायला आम्ही काउंटरवर एक वही ठेवली. नवीन गिऱ्हाइकाला विचारायचं, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ आणि रेघ मारायची. गुगलही महिन्याला किती जणांनी फोन केला, किती जणांनी रस्ता विचारला हे दाखवतं. पण रस्ता विचारणारा प्रत्येक जण खरेदी करतोच असं नाही, म्हणून वही हवी.

एप्रिलमध्ये गुगलवरून आलेले तीन. मेमध्ये सात. जूनमध्ये 14! मी नाचायच्या बेतात होते. मग काकांच्या जुन्या बिलबुकात मागचा जून बघितला. 104 बिलं. या जूनला 115. म्हणजे वाढ 11 ची, 14 ची नाही. शाळा सुरू होताना मुलांचे चष्मे दरवर्षीच होतात. गुगलवर बघून आलेल्यांपैकी काही जण असेही आलेच असते. हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. एप्रिलमध्ये फी निघाली नाही, हेही सांगितलं. मला वाटलं होतं ते काम काढून घेतील. ते म्हणाले, ‘त्या पोरानं कधी आकडाच सांगितला नव्हता.’ आणि समोरच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला.

म्हणून ‘पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी’ असं कधी म्हणू नका. ते तुमच्या हातात नसतं. महिन्याला मोजून दाखवतो, एवढंच म्हणा. ते हातात असतं.

पैशांचं बोलणं आधी, लेखी

आपल्याकडे पैशांचं बोलायला लाज वाटते. समोर काका-ताई असतील तर जास्तच. माझा उपाय म्हणजे व्हॉट्सॲपचा एकच मेसेज. काम ठरलं की त्याच संध्याकाळी पाठवते:

‘काका, आज ठरल्याप्रमाणे: महिन्याला 12 तास काम. फी 4500, दर महिन्याच्या 1 तारखेला, काम सुरू व्हायच्या आधी. प्रत्येक गोष्टीत दोन बदल, त्यापुढे वेगळे पैसे. जाहिरात दिली तर तिचा खर्च तुमच्या कार्डवरून. कुणालाही थांबायचं असेल तर 15 दिवस आधी सांगायचं. चालेल ना?’

समोरून ‘हो’ आलं की झालं. यातली जाहिरातीची ओळ विसरू नका. ऑनलाइन जाहिरातीच्या खर्चावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो आणि आपल्या कार्डवरून भरलं तर तो फटका आपल्याला. माझ्या एका मित्राचे असे 2000 अजून येतायत. तुमच्या स्वतःच्या फीवर जीएसटी लावायचा का, तर वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत सेवेसाठी नोंदणी सक्तीची नाही. पण साधं क्रमांक घातलेलं बिल पहिल्या दिवसापासून द्या. बिल दिलं की समोरचा ‘पोरीला खर्चाला दिले’ असं म्हणत नाही, ‘फी दिली’ म्हणतो.

आज माझ्याकडे तीन क्लायंट आहेत. 40 तास भरलेले नाहीत, 12,000 ही अजून सुटत नाहीत. दोन महिन्यांत एक दुकान सोडूनही गेलं, कारण मालकांना रील्सच हव्या होत्या आणि मला त्यातून त्यांचं गिऱ्हाईक वाढताना दिसत नव्हतं. चुकलंही असेल माझं. पण पेट्रोल टाकताना आता हिशोब लागतो.

केकवाल्या ताई परवा भेटल्या. मी त्यांना तो केकचा हिशोब दाखवला, दोन वर्षं उशिरा. त्यांनी केक 500 ला केलाय. ऑर्डर एक-दोनच कमी झाल्या. ‘हे आधी का नाही सांगितलंस?’ म्हणाल्या.

काय सांगणार? तेव्हा मी पोस्ट मोजत होते.